एक्सरेत छातीतल्या गाठी दिसल्या: टीबीच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या की आधी तपासण्या?

रावेरकर (६ फेब्रुवारी, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आरोग्याच्या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, एरवी मी केळीच्या भावाच्या धाग्यावर असतो.

आमच्या सौ.चं वय ३९. पित्ताशयात खडे आहेत हे दोन वर्षांपासून माहीत होतं. मागच्या आठवड्यात रात्री अशी कळ उठली की गाडी काढून जळगावला न्यावं लागलं. तिथे दाखल केलं, सलाइन लावलं आणि ऑपरेशनच्या आधी काढतात तसा छातीचा एक्सरे काढला. मग खडे राहिले बाजूलाच. रिपोर्टात लिहिलंय की मीडियास्टायनम, म्हणजे छातीचा मधला भाग, रुंद दिसतो, दोन्ही बाजूंचे हायलम, म्हणजे फुप्फुसांची मुळं, ठळक आहेत, लिम्फ नोड वाढल्याची शक्यता, सीटी करावा. ऑपरेशन पुढे ढकललं. फिजिशियननी फिल्म खिडकीकडे धरून पाहिली, ‘आपल्याकडे छातीत गाठी म्हणजे टीबीच’ म्हणाले आणि सहा महिन्यांचा कोर्स लिहून दिला. आठ दिवसांत सुरू करा म्हणाले.

तिला ताप नाही, वजन उतरलेलं नाही. दोन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, पण तो इतका किरकोळ की तिने स्वतःहून कधी सांगितला नव्हता. घोटे दुखतात, पण दिवसभर उभ्याने काम असतं म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. घरात दोन लहान मुलं आणि आई आहे.

गोळ्यांची पाकिटं कपाटात आहेत. उद्यापासून सुरू कराव्यात का?

शहाद्याची_सून (६ फेब्रुवारी, रात्री १०:०५)

माझ्या सासूबाईंनाही हेच निघालं होतं. जेवण थोडं थोडं करायचं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही आणि झोपताना उशाकडून पलंग उंच करायचा. ऑपरेशनची गरज पडली नाही. काळजी करू नका दादा.

रावेरकर (६ फेब्रुवारी, रात्री १०:१२)

ताई, तुम्ही हायटस हर्नियाबद्दल सांगताय बहुतेक. आमच्या कागदावर हायलम आहे. मलाही तीनदा वाचावं लागलं.

शहाद्याची_सून (६ फेब्रुवारी, रात्री १०:१५)

अगं बाई! माफ करा. पण पित्ताचा त्रास आहे म्हणताय तर पलंग उंच करून बघाच.

एक्सरे_नाना (७ फेब्रुवारी, सकाळी ६:५०)

रावेरकर भो, कसाले घाबरस? आधी मना एक सवालना जवाब दे. फिल्म उभ्याने काढी का झोपाडीसन?

३४ वर्षं धुळ्याकडे एक्सरे काढण्यात गेली माझी, म्हणून विचारतो. रिपोर्ट लिहिणारा फिल्म बघतो, पण फिल्म कशी काढली ते काढणाऱ्यालाच ठाऊक. चांगली छातीची फिल्म उभ्याने काढतात. छाती प्लेटला टेकलेली, किरण पाठीकडून, नळी सहा फुटांवर, आणि पेशंटने श्वास पूर्ण भरून रोखलेला. कळा येत असलेलं माणूस उभं राहात नाही. मग पोर्टेबल मशीन पलंगापाशी आणतात, पाठीखाली प्लेट सरकवतात आणि समोरून किरण मारतात. त्यात हृदय आणि छातीचा मधला भाग प्लेटपासून लांब पडतो आणि नळी जवळ असते, म्हणून सावली मोठी पडते. भिंतीपासून लांब आणि कंदिलाच्या जवळ हात धरला की सावली कशी फुगते, तसंच हे. त्यात पोट दुखत असेल तर श्वास अर्धाच भरतो, छाती-पोटाच्या मधला पडदा वर सरकतो आणि मधला भाग आणखी पसरतो.

आता तुझ्याकडची फिल्म घे. पाठीकडच्या फासळ्या वरून मोजत ये. पडद्याच्या वर नऊ-दहा दिसल्या तर श्वास बरा भरला होता. सातच दिसल्या तर ती फिल्म रुंदीच्या बाबतीत साक्षीदार म्हणून उभी करू नको. दुसरं, दोन्ही हासळ्यांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेघेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघ. एक जवळ, एक लांब असेल तर अंग वळलेलं होतं. मग एका बाजूचा हायलम उगाच फुगलेला दिसतो.

रावेरकर (७ फेब्रुवारी, सकाळी ८:२०)

नाना, झोपवूनच काढला होता. मी स्वतः तिचे खांदे धरले होते. फासळ्या मोजल्या, आठ भरल्या, नववी आहे की नाही यावरून पोरात आणि माझ्यात वाद झाला. हासळ्या बऱ्यापैकी सारख्या आहेत. म्हणजे गाठी नाहीतच असं समजायचं का?

एक्सरे_नाना (७ फेब्रुवारी, सकाळी ८:३१)

तसं मी म्हटलं नाही. परत उभ्याने काढ एवढंच म्हटलं. दोन-चारशे रुपयांचं काम.

जिनिंगवाला (७ फेब्रुवारी, दुपारी १:१५)

तुमच्याकडे कपाशी आहे का? घरात वेचणी, साठवण? आमच्या जिनिंगमध्ये वीस वर्षांचे कामगार आहेत, सगळ्यांच्या छातीत कपाशीची धूळ बसते आणि तिच्याच गाठी होतात. डॉक्टर लोक टीबी टीबी करतात. माझ्या मते हे धुळीचंच असणार. गूळ खा आणि मास्क लावा.

अमळनेरची_लेक (७ फेब्रुवारी, रात्री ८:५०)

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, माहेर अमळनेर, सध्या नाशिकला असते. फिल्म न बघता निदान सांगणार नाही. पण गोळ्यांचा प्रश्न उद्यावर आलाय म्हणून लिहिते.

आधी जिनिंगवाल्या दादांना. धुळीबद्दल तुम्ही निम्मं बरोबर आहात. कपाशीच्या धुळीने छाती आवळते, आणि सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी जास्त आवळते, हे तुम्ही पाहिलंच असेल. तो श्वासनळ्यांचा आजार आहे, त्याने अशा गाठी सहसा होत नाहीत. गाठी करणारी धूळ म्हणजे दगडाची: खडी क्रशर, खाणी, विहिरीचं खोदकाम. तिथे गाठींच्या कडेने अंड्याच्या कवचासारखा चुना जमलेला कधीकधी दिसतो. रावेरकर, वहिनींचा तसा काही संबंध?

नानांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. आधी उभ्याने फिल्म. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. झोपवून काढल्याने मधला भाग रुंद दिसणं नेहमीचं आहे. दोन्ही हायलम गोलसर, ढेकळासारखे दिसत असतील तर ते मात्र नुसत्या झोपण्याने होत नाही. हायलममधून फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. त्या फुगल्या तर सावली गुळगुळीत असते आणि फांद्या फुटल्यासारखी बाहेर जाते. गाठी असतील तर कडा उंचसखल दिसते, पिशवीत बटाटे भरल्यासारखी. नक्की काय ते कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीत कळतं, कारण औषधाने रक्तवाहिन्या उजळतात आणि गाठी वेगळ्या दिसतात.

आता गोळ्या. वहिनींना ताप नाही, धाप नाही, वजन टिकून आहे. म्हणजे दोन-तीन आठवडे तपासायला वेळ आहे. दोन्ही बाजूंना सारख्या गाठी आणि माणूस ठणठणीत, हे चित्र टीबीत असू शकतं, पण सार्कॉयडोसिस, म्हणजे जंतू न सापडता गाठी सुजवणारा आजार, त्यात ते जास्त ठरलेलं आहे, आणि लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, तोही डोक्यात ठेवावा लागतो. टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि गाठी कमी झाल्या, तरी टीबी होता म्हणून कमी झाल्या असं सिद्ध होत नाही, कारण सार्कॉयड बऱ्याच जणांत आपोआपच ओसरतो. आणि कमी झाल्या नाहीत तर ‘औषधाला न जुमानणारा टीबी’ म्हणून आणखी कडक औषधं सुरू होतात. अशी माणसं माझ्याकडे येतात, म्हणून म्हणते.

दोन प्रश्न आहेत. मानेत, हासळीच्या वर, काखेत गाठ लागते का, कोणी हात लावून पाहिलंय का? आणि गेल्या दोन महिन्यांत खोकल्यासाठी कोणतं अँटिबायोटिक दिलं होतं का? नाव शोधा.

रोखठोक_चाळीसगाव (७ फेब्रुवारी, रात्री १०:३०)

एवढं लांबण कशाला? सरकारी दवाखान्यात थुंकी द्या, टीबीच्या जंतूची सीबीनॅट तपासणी फुकट होते आणि रिपोर्टही लवकर मिळतो. निगेटिव्ह आली की टीबी नाही, विषय संपला. सोबत माँटू करा, हातावर सुई देऊन सूज बघतात ती. पॉझिटिव्ह आली की टीबी. आणि समजा गोळ्या घेतल्याच तर काय बिघडतं? आपल्याकडे टीबी एवढा आहे की घेतलेल्या बऱ्या.

अमळनेरची_लेक (८ फेब्रुवारी, सकाळी ७:१०)

थुंकी जरूर द्यावी, दादा, ते मी लिहायला विसरले. पण या केसमध्ये जंतू असलेच तर गाठीत आहेत, श्वासनळीत नाहीत. कोरड्या खोकल्याचं माणूस थुंकी म्हणून लाळच देतं. त्यामुळे पॉझिटिव्ह आली तर निकाल लागला, निगेटिव्ह आली तर काहीच कळलं नाही. माँटूचं आपल्या देशात उलटं होतं. लहानपणापासून जंतूंशी संबंध आलेला असतो, म्हणून धडधाकट माणसाचीही सूज येते. मला माँटूत रस असतो तो ती अगदी सपाट आली तर. सार्कॉयडमध्ये बऱ्याचदा तशी येते. तो पुरावा नव्हे, इशारा.

‘काय बिघडतं’ याचं उत्तर: या गोळ्यांतल्या तिघी लिव्हरवर ताण देतात, आणि वहिनींच्या पित्ताशयात खडे आहेत. उद्या कावीळ झाली तर ती खड्याची की गोळ्यांची हे शोधत बसावं लागेल.

रावेरकर (८ फेब्रुवारी, सकाळी ९:००)

दगडाच्या धुळीशी संबंध नाही, केळीचं घर आहे आमचं. मानेला कोणीच हात लावून पाहिलं नव्हतं, मी पाहिलं, मला तरी काही लागलं नाही.

अँटिबायोटिकचं मात्र सापडलं. डिसेंबरअखेरीस गावातल्या दवाखान्यातून खोकल्यासाठी पाच दिवस गोळ्या आणल्या होत्या. रिकामी पट्टी शिवणयंत्राच्या खणात होती. लेव्होफ्लॉक्सासिन ५००. चालतं ना हे?

अमळनेरची_लेक (८ फेब्रुवारी, दुपारी २:४०)

याचीच भीती होती. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूलाही मारतं, औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत ते मुद्दाम वापरतात. पाच दिवसांनी टीबी बरा होत नाही, पण जंतू दबतात आणि नंतर तपासणीत सापडायला अवघड जातात. दीड महिना उलटलाय, म्हणून फार नुकसान नसावं. ही पट्टी फेकू नका, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा. आणि आता कोणी खोकल्याला पुन्हा ‘फ्लॉक्सासिन’ शेपटीचं काही दिलं तर आधी विचारा.

मीनल_धुळे (८ फेब्रुवारी, रात्री ९:२५)

लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. माझा भाऊ २४ वर्षांचा होता. अंगाला खाज सुटायची, रात्री बनियन पिळावं इतका घाम, आणि झोपलं की दम लागायचा. एका ठिकाणी ऍलर्जिक दमा म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. जादू झाल्यासारखं बरं वाटलं. तीन आठवड्यांनी सकाळी उठला तर चेहरा सुजलेला, मानेच्या शिरा तट्ट. एक्सरेत छातीचा मधला भाग इतका रुंद होता की आम्हा अडाण्यांनाही कळलं.

बायोप्सी केली, रिपोर्ट आला ‘निष्कर्ष काढता येत नाही’. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. स्टेरॉइडने गाठीतल्या पेशी मरून गेल्या होत्या, बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. थांबून पुन्हा बायोप्सी करावी लागली, तेव्हा हॉजकिन, म्हणजे लिम्फोमाचाच एक प्रकार, निघाला. आता तो बरा आहे, गेल्या वर्षी लग्न झालं. पण तो मधला महिना आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक.

अमळनेरची_लेक (८ फेब्रुवारी, रात्री १०:१०)

मीनलताई, लिहिलंत ते बरं केलंत. रावेरकर, वहिनींना असलं काही नाही, पण चेहऱ्यावर सूज, मानेच्या शिरा फुगणं किंवा आडवं झाल्यावर धाप, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. आणि गाठीचा तुकडा तपासून होईपर्यंत स्टेरॉइड कोणत्याही नावाने पोटात जाऊ देऊ नका, सांधेदुखीच्या ‘गुणकारी’ पुड्याही नकोत.

रावेरकर (१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०)

उभ्याने एक्सरे झाला. नाना, मधली रुंदी खरंच कमी झाली, नव्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. पण दोन्ही हायलम तसेच, आणि उजवीकडे श्वासनळीच्या कडेला जाडी दिसते असं लिहिलंय. थुंकीत काही सापडलं नाही. माँटूची जागा तिसऱ्या दिवशी पट्टीने मोजली, शून्य. एचआयव्ही निगेटिव्ह. रोखठोकभाऊ, तुमच्या हिशेबाने विषय संपला म्हणायचा.

रोखठोक_चाळीसगाव (१२ फेब्रुवारी, रात्री ८:०२)

संपला नाही हे मलाही दिसतंय. पुढे लिहा.

एक्सरे_नाना (१२ फेब्रुवारी, रात्री ८:४०)

दोन्ही हायलम आणि उजवी कड, ही तीन ठिकाणं एकत्र आली की आमचे जुने साहेब फिल्मवर गोल करून ठेवायचे आणि म्हणायचे, नाना, ही टीबीची घाई करायची फिल्म नाही. निदान बाई सांगतील.

रावेरकर (१५ फेब्रुवारी, रात्री ९:१५)

सीटी झाला. आधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघितलं, मग चार तास उपाशी, मग शिरेतून औषध. ती म्हणाली, घशापासून खालपर्यंत गरम लाट गेली आणि क्षणभर वाटलं कपडे ओले झाले. नर्सने आधी सांगितलं होतं म्हणून घाबरली नाही.

रिपोर्टात उजवीकडे श्वासनळीशेजारी १६ मिलिमीटरची गाठ, श्वासनळी दुभागते त्याच्या खाली २२ मिलिमीटरची, दोन्ही हायलममध्ये १४-१५ च्या. ‘एकसंध, मध्ये नेक्रोसिस नाही.’ फुप्फुसाच्या भागांमधल्या फटीच्या कडेने बारीक दाणे. ताई, २२ म्हणजे फार मोठी का हो?

अमळनेरची_लेक (१६ फेब्रुवारी, सकाळी ६:४५)

गाठ लांबट असते, तिची आखूड बाजू मोजतात. साधारण १० मिलिमीटरच्या पुढे गेली की वाढलेली म्हणायची. दुभाग्याखालची गाठ थोडी मोठी असली तरी चालते, पण २२ नाही चालत. आकड्यापेक्षा मला ‘एकसंध’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. टीबीची गाठ बऱ्याचदा आतून सडते, तोच नेक्रोसिस, मग सीटीत मध्यभागी काळी आणि कडेने उजळ रिंग दिसते. इथे तसं नाही, आणि फटीच्या कडेचे दाणे सार्कॉयडकडे बोट दाखवतात. तरीही सुरुवातीच्या टीबीची गाठ एकसंध दिसू शकते, लिम्फोमाचीही दिसते. फोटोवरून इथपर्यंतच जाता येतं.

पुढची पायरी ईबस. दुर्बिणीच्या टोकाला छोटी सोनोग्राफी असते. ती तोंडातून श्वासनळीत जाते, भिंतीपलीकडची गाठ स्क्रीनवर दिसते आणि बघत बघत सुईने नमुना घेतात. कुठे कापत नाहीत, संध्याकाळी घरी सोडतात. मानेत गाठ लागली असती तर मी हे सांगितलंच नसतं, तिथूनच तुकडा घेतला असता. तपासणाऱ्या डॉक्टरांना मान पुन्हा नीट बघायला सांगा.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः विचारा: नमुना दोन प्रकारच्या डब्यांत जाणार आहे ना? पॅथॉलॉजीचा भाग फॉर्मॅलिनमध्ये जातो. पण फॉर्मॅलिनने जंतू मरतात, म्हणून कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायचा, आणि सीबीनॅटचा भाग साध्या सलाइनमध्ये हवा. घाईत सगळाच नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला की कल्चर कायमचं हुकतं. लिम्फोमाची शंका असेल तर तेही आधी सांगायचं, त्याला नमुना जास्त लागतो आणि कधीकधी सुईचा पुरतच नाही, ऑपरेशन करून अख्खी गाठ काढावी लागते.

रावेरकर (२१ फेब्रुवारी, रात्री ११:००)

काल नाशिकला ईबस झालं. सगळं धरून पस्तीस हजारांच्या आसपास गेले. दोन घडांचा... जाऊ दे, तो हिशेब इथे नको.

सहा तास उपाशी होती. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं. घशात फवारा मारला तो कडू होता म्हणे, जीभ लाकडासारखी झाली. दातांत प्लास्टिकची कडी, हातात झोपेचं इंजेक्शन. तिला फक्त खोकल्याची उबळ आठवते आणि कोणीतरी ‘अजून एकदा’ म्हणाल्याचं. दुभाग्याखालच्या गाठीतून चारदा आणि उजव्या गाठीतून तीनदा सुई घातली. तिथेच एक डॉक्टर काचेवर नमुना पसरून बघत होत्या, पुरेसा आला म्हणाल्यावर थांबले.

दोन डब्यांचं मी विचारलं. सिस्टरने माझ्याकडे अशी नजर टाकली की हा कुठला डॉक्टर. मग ट्रे दाखवला: एक डबी फॉर्मॅलिनची, दोन सलाइनच्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या. घशाची बधिरता जाईपर्यंत दोन तास पाणीही दिलं नाही. रात्री जरा कसकस आली, थुंकीत लाल धागा दिसला, आज काही नाही.

अमळनेरची_लेक (२१ फेब्रुवारी, रात्री ११:२०)

पहिल्या दिवशी लाल धागा चालतो. चमचाभर रक्त आलं किंवा ताप चढत गेला तर फोन करा.

रावेरकर (२५ फेब्रुवारी, दुपारी १२:५०)

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: ‘नेक्रोसिस नसलेले ग्रॅन्युलोमा. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत.’ ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचे बारीक पुंजके म्हणे. गाठीच्या नमुन्यात टीबीचे जंतू दिसले नाहीत, सीबीनॅटही निगेटिव्ह. कल्चर लावलंय, ४२ दिवस.

इथल्या डॉक्टरांनी आणखी एक पकडलं. रक्तात कॅल्शियम १०.९, म्हणजे थोडं जास्त. मला म्हणाले, काय काय चालू आहे सगळं ओता टेबलावर. ओतलं, तर त्यात घोट्यांच्या दुखण्यासाठी दिलेल्या व्हिटॅमिन डीच्या ६०,००० च्या पुड्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या निघाल्या. तिने तर ‘ताकद येते’ म्हणून दोन महिने जास्तीच्या घेतल्या. दोन्ही बंद केल्या.

जिनिंगवाला (२५ फेब्रुवारी, दुपारी ३:१०)

व्हिटॅमिन डी कसं काय बंद? ते तर सगळेच देतात. आमच्याकडे तर पूर्ण घर घेतं.

अमळनेरची_लेक (२५ फेब्रुवारी, रात्री ९:३५)

घेऊ दे घर, वहिनींनी नाही घ्यायचं. सार्कॉयडमधले ग्रॅन्युलोमा स्वतःच व्हिटॅमिन डी कामाला लावतात, त्यात बाहेरून भर पडली की कॅल्शियम वर जातं, मग किडनीला त्रास आणि मूतखडे. आपल्या खानदेशच्या उन्हात पाणी कमी पडलं की अजूनच. बंद केल्यावर ते किती उतरतं हेही कळेल.

रिपोर्टबद्दल. ‘नेक्रोसिस नसलेले ग्रॅन्युलोमा’ म्हणजे सार्कॉयडला जोर मिळाला, शिक्का बसला नाही. टीबीतही असे ग्रॅन्युलोमा मिळतात आणि सीबीनॅट गाठीतला प्रत्येक टीबी पकडत नाही. लेव्होफ्लॉक्सासिनची पट्टी आठवतेय ना? म्हणून कल्चरपर्यंत थांबायचं. दरम्यान डोळ्यांची तपासणी करून घ्या, लाली नसली तरी. आणि ईसीजी. हा आजार डोळ्यात आणि हृदयाच्या वायरिंगमध्ये शिरला तर हिशेब बदलतो.

मीनल_धुळे (२६ फेब्रुवारी, सकाळी १०:००)

कॅन्सर नाही हे वाचून मला घरी पेढे वाटावेसे वाटले. एक विचारू का, एसीईची रक्ततपासणी असते ना सार्कॉयडची? भावाच्या वेळी केली होती.

अमळनेरची_लेक (२६ फेब्रुवारी, दुपारी १:२०)

असते. सार्कॉयड असूनही बऱ्याच जणांची नॉर्मल येते आणि टीबीतही वाढू शकते. मी लिहून देत नाही, काही सहकारी देतात. यावर आमच्यात कॅन्टीनमध्ये भांडणं होतात.

रावेरकर (५ एप्रिल, रात्री ९:५०)

उशीर झाला. घड उतरवायची वेळ आणि ऊन असं की दुपारी बारानंतर बागेत पाय टाकवत नाही.

४२ दिवस झाले, कल्चरमध्ये काही उगवलं नाही. डोळे आणि ईसीजी व्यवस्थित. कॅल्शियम ९.७. खोकला आपोआप गेला, घोट्यांचं दुखणं निम्म्यावर आलंय. डॉक्टरांनी फाइलवर ‘सार्कॉयडोसिस, पहिली पायरी’ लिहिलं, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाले, हे प्रश्नचिन्ह मी मुद्दाम ठेवतोय. औषध काही नाही. तीन महिन्यांनी उभ्याने एक्सरे, ताप आला किंवा वजन उतरलं तर त्याआधीच. पित्ताशयाच्या ऑपरेशनला हरकत नाही म्हणून चिठ्ठी दिली.

ज्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या होत्या त्यांच्याकडेही जाऊन आलो, फाइल दाखवली. त्यांनी सगळी वाचली. म्हणाले, अशा दहा जणांत मी नऊ वेळा बरोबर असतो. मी काही बोललो नाही. टीबीच्या गोळ्यांची पाकिटं दुकानदाराने परत घेतली नाहीत.

रोखठोक_चाळीसगाव (५ एप्रिल, रात्री १०:२०)

त्यांचंही चूक नाही हो. खेड्यात पस्तीस हजार कोणाकडे असतात? ईबस नाशिकला, माणूस रावेरला. गोळ्या सरकारीत फुकट. तुम्हाला जमलं, सगळ्यांना जमेल?

अमळनेरची_लेक (५ एप्रिल, रात्री १०:५५)

याचं उत्तर माझ्याकडे नाही. नाकारतही नाही. नमुना मिळणं शक्यच नसेल आणि माणूस खंगत असेल तर मीही गोळ्या सुरू केल्या आहेत, पण मग दोन महिन्यांनी पुन्हा फिल्म काढून स्वतःलाच विचारायचं की मी चुकले तर नाही ना. त्यातही एक मेख आहे: खऱ्या टीबीतसुद्धा चालू औषधांवर गाठी आधी थोड्या वाढू शकतात. म्हणजे फिल्म बिघडली म्हणून निदान चुकलं असंही लगेच म्हणता येत नाही.

एक्सरे_नाना (६ एप्रिल, सकाळी ६:३०)

रावेरकर, जुलैमा फिल्म काढशी तवय जुन्या दोन्ही फिल्मा संगे लई जाय. गुंडाळून नको, सपाट ठेव. आणि फिल्म काढणाऱ्याला सांग, मागच्या वेळी होती तेवढीच नळी लांब ठेव, म्हणजे जोडीला जोड लागेल.

शहाद्याची_सून (६ एप्रिल, सकाळी ९:१०)

पित्ताच्या ऑपरेशनची तारीख ठरली का दादा? आमच्या सासूबाईंनाही खडे निघालेत आता, दुर्बिणीने करायचं म्हणतात.

रावेरकर (६ एप्रिल, सकाळी ९:४५)

२२ तारीख. यावेळी एक्सरे उभ्यानेच काढणार आहेत, मी आधीच सांगून ठेवलंय.